एक फेज २६४, बाकीचे दोन २१५: फेज बदलू नका, आधी न्यूट्रल तपासा

सांगलीच्या गावभागातली एक तीन मजली इमारत. खाली किराणा दुकान आणि पिठाची गिरणी, वर सहा फ्लॅट. पहिल्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या घरी गेल्या थंडीत तीन वेळा नुकसान झालं. आधी चार एलईडी बल्ब एकाच सकाळी गेले. मग टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. तिसऱ्या वेळी टीव्ही तर गेलाच, पण त्याच्या राखणीला बसवलेला स्टॅबिलायझरसुद्धा धूर सोडून गेला. प्रत्येक वेळी वायरमन आला, मीटर लावला, २३२ व्होल्ट बघितले आणि "काका, सप्लाय ओके आहे" म्हणून निघून गेला.

तो खोटं बोलत नव्हता. तो अकरा वाजता येत होता आणि दुखणं सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत होत होतं.

मला बोलावणं आलं तेव्हा मी मीटर काढण्याआधी एकच गोष्ट विचारली, "वरच्या घरांमध्ये कुणाचा गिझर हल्ली पाणी उशिरा तापवतो का?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लगेच म्हणाल्या, "हो ना! आम्हाला वाटलं, कॉइलवर क्षार चढलेत." एका घरात वस्तू जळतायत आणि दुसऱ्या घरात गिझर मंद झालाय, तर या दोन वेगळ्या तक्रारी नसतात. पण गिझर उशिरा तापतो म्हणून वायरमनला कोण बोलावतं? त्यामुळे अर्धा पुरावा कुणाला कळतच नाही.

आता नुसतं फेज-न्यूट्रल मोजून काही कळणार नव्हतं. आर, वाय, बी असे तीन फेज आणि न्यूट्रल अशी चार वायरची लाईन असेल तर मी नेहमी तीन प्रकारची मापं घेतो: प्रत्येक फेज ते न्यूट्रल, फेज ते फेज आणि प्रत्येक फेज ते अर्थ. वर न्यूट्रल ते अर्थ हे एक माप. सगळी घ्यायला पाच मिनिटं लागतात. मात्र ती दुखणं चालू असताना घ्यायची. म्हणून सकाळी पावणेसातला गेलो आणि वाय व बी फेजवरच्या एकेका घराला गिझर चालू ठेवायला सांगितला.

आर फेज ते न्यूट्रल २६४. वाय २१३, बी २१७. म्हणजे एक चढलेला, दोन उतरलेले. फेज ते फेज मात्र तिन्हीकडे ३९७ ते ४०० च्या दरम्यान, एकदम सरळ. आणि फेज ते अर्थ? आर २३१, वाय २२९, बी २३०. न्यूट्रल ते अर्थ ३३ व्होल्ट.

एवढ्यात निकाल लागतो. कंपनीकडून येणारे तिन्ही फेज उत्तम आहेत, नाहीतर फेज ते फेज आणि फेज ते अर्थ ही मापं बिघडली असती. बिघडलंय ते फक्त ज्याच्याशी आपण तुलना करतोय ते, म्हणजे इमारतीतला न्यूट्रल. आर फेज वर गेलेला नाही, न्यूट्रल त्याच्यापासून लांब सरकलाय. खालची गिरणी मात्र या सगळ्या महिन्यांत व्यवस्थित चालत होती, आणि सगळ्यांची दिशाभूल तिथेच झाली. गिरणीवाला म्हणायचा, "लाईट चांगली आहे की, माझी मोटर बघा." थ्री फेज मोटर फेज ते फेज व्होल्टेजवर चालते, तिला न्यूट्रल लागतच नाही. न्यूट्रल पूर्ण तुटला तरी तिला पत्ता लागणार नाही.

सरकतो म्हणजे काय, ते एकदा डोळ्यासमोर आणलं की पुढचं सोपं जातं. जमिनीत सारख्या अंतरावर त्रिकोणात तीन खुंट ठोकले आहेत असं समजा. हे तीन फेज, ट्रान्सफॉर्मरने घट्ट रोवलेले. मध्ये एक लोखंडी कडी आहे आणि तिन्ही खुंटांवरून एकेक दोरी तिला ओढते आहे. ज्या फेजवर लोड जास्त, त्याची ओढ जास्त. ही कडी म्हणजे इमारतीतला न्यूट्रल. साध्या स्थितीत कडी बरोबर मध्यावरच्या चौथ्या खुंटाला बांधलेली असते, तो खुंट म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा अर्थ केलेला न्यूट्रल. मग कोण किती ओढतो याला फारसा अर्थ राहत नाही. पण चौथ्या खुंटाची गाठ सैल झाली की कडी जास्त ओढणाऱ्यांकडे जाते. त्यांच्यापासूनचं अंतर कमी, म्हणजे व्होल्टेज कमी. कमी ओढणाऱ्यापासूनचं अंतर वाढलं, म्हणजे व्होल्टेज जास्त. खुंट मात्र जागच्या जागी, म्हणून फेज ते फेज बदलत नाही.

यातून एक उलटा वाटणारा नियम निघतो: ज्या फेजवर लोड सर्वांत कमी, तिथल्या वस्तू जळतात. आमच्या इमारतीत आर फेजवर दोन फ्लॅट. एक बंद, मालक पुण्यात. दुसऱ्यात आजी-आजोबा, त्यांच्याकडे गॅस गिझर, चार दिवे, फ्रिज आणि टीव्ही. सगळ्या इमारतीत वीज जपून वापरणारं तेच घर, आणि नुकसान त्यांचंच. आजोबा म्हणाले, "म्हणजे काटकसरीची शिक्षा झाली म्हणा."

आकड्यात बघू. सकाळी आर वर सुमारे ५०० वॅट, वाय आणि बी वर एकेक २००० वॅटचा गिझर धरून ३०००-३००० वॅट. २३० व्होल्टला न्यूट्रलमधून येणारा फरकाचा करंट होतो २५०० भागिले २३०, म्हणजे साधारण ११ अँपिअर. इथे बरेच जण म्हणतात, "लोड बॅलन्स नाही म्हणून व्होल्टेज पळालं." तपासून पाहा. इमारतीची सर्व्हिस केबल २५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची, खांबापासून ३० मीटर. तेवढ्या लांबीच्या एका कोअरचा रेझिस्टन्स जेमतेम ०.०३६ ओहम. ११ अँपिअरने त्यात पडतं अर्धा व्होल्टही नाही. म्हणजे लोड असाच वेडावाकडा ठेवला तरी न्यूट्रल ठणठणीत असेल तर आजोबांच्या घरी २३१ च दिसायला हवेत. लोडचा असमतोल हे निमित्त, आजार न्यूट्रलचा.

मग न्यूट्रलच्या वाटेत किती रेझिस्टन्स घुसला असेल? हिशोब मांडला तर ५ ओहमला आर बरोबर २६४ आणि बाकीचे २१५ च्या आसपास येतात. तेच मीटर दाखवत होता. आणि दिवसा? अकरा वाजता गिझर बंद, तिन्ही फेजवर दोनशे-चारशे वॅट, फरकाचा करंट पाऊण अँपिअर. पाच ओहममध्ये त्याने तीन-चार व्होल्टच सरकतात. वायरमनला २३२ दिसतात आणि तो निघून जातो. म्हणून दुखणं पुन्हा पुन्हा येतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही.

न्यूट्रल पूर्णच सुटला असता तर त्याच लोडवर आर ३१८ आणि वाय, बी सुमारे २०१ वर गेले असते. टीव्ही गेला त्या सकाळी हेच झालं असावं असं मी मानतो, आणि त्याला कारण आहे. टीव्ही, अडॅप्टर, एलईडी यांच्या आत एसीचं डीसी होतं आणि कपॅसिटरवर व्होल्टेजचं शिखर चढतं, म्हणजे एसीच्या १.४१ पट. २६४ ला ते ३७३ होतं. बऱ्याच वस्तूंमधला कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो, तो ते कसंबसं सोसतो. ३१८ ला होतात ४५०. तिथे तो फुटतोच. स्टॅबिलायझरचंही तेच. तो त्याच्या ठरलेल्या पट्ट्यात काम करतो, ३१८ हे त्याच्याही डोक्यावरून गेलं.

एक सावधगिरी. नेहमी एक चढलेला आणि दोन उतरलेले असंच दिसेल असं नाही. एकाच फेजवर मोठा लोड असेल आणि बाकी दोन मोकळे असतील तर कडी त्या एका खुंटाला जाऊन भिडते. तो फेज पार खाली आणि बाकी दोन ४०० च्या दिशेने. चेहरा वेगळा, आजार तोच. ओळखायची खूण एकच, फेज ते फेज सरळ आणि फेज ते न्यूट्रल वाकडं.

आता जागा शोधायची. न्यूट्रल खांबावर, कट-आउटपाशी, मेन स्विचमध्ये, बसबारला, कुठेही सैल असू शकतो. सगळे स्क्रू आवळत सुटणं हा मार्ग मला पटत नाही. चालू लोडवर आवळणं तर धोक्याचंच, त्याबद्दल पुढे. आधी शेजारी विचारा. बाजूच्या इमारतींतही तसंच होत असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर आहे, कंपनीला कळवून थांबा, खांबावर स्वतः चढू नका. तोवर मोठी उपकरणं बंद आणि शक्य असेल तर मेन बंद. आमच्याकडे शेजाऱ्यांना काही त्रास नव्हता. मग दोष आमच्या सर्व्हिसच्या आत.

पॅनेलला कंपनीचं सील होतं, म्हणून लाईनमनला बोलावून त्याच्यासमोर उघडलं. गिझर चालूच ठेवले. मग मीटरचा एक प्रोब येणाऱ्या केबलच्या न्यूट्रल कोअरला आणि दुसरा एकेक पुढच्या टप्प्याला लावत गेलो. चांगल्या सांध्याच्या दोन बाजूंमध्ये काही दिसायला नको, फार तर मिलिव्होल्ट. आम्हाला केबलचा कोअर आणि न्यूट्रल लिंकचा बोल्ट यांच्यात ३३ व्होल्ट मिळाले. दोन इंचांच्या आत, केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या एका लगमध्ये! ही पद्धत मी सगळ्यांना सांगतो, कारण ती अंदाज करत नाही, बोट ठेवते. ३३ व्होल्ट आणि त्यातून जाणारा पावणेसात अँपिअर यांचा गुणाकार सव्वादोनशे वॅटच्या आसपास जातो. एवढी उष्णता एका लगमध्ये. इन्सुलेशन तपकिरी होऊन मागे सरकलं होतं आणि जळक्या वासाकडे गिरणीच्या पट्ट्याचा वास समजून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

मेन बंद करून, बंद असल्याची खात्री करून लग काढला. ॲल्युमिनियमच्या तारा, त्यावर साधा तांब्याचा लग, आणि मध्ये पांढरी पूड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी या गल्लीत शिरलं होतं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. हे पॅनेल तळमजल्यावर, दोन्ही वेळा पाण्याखाली. नंतर मीटर बदलले, स्विच बदलला, रंग दिला. केबल मात्र "चांगली दिसते" म्हणून जुन्या लगसकट परत जोडली. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना टेकले, त्यात ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं, आणि त्यावर जमणारा थर वीज नेत नाही. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं आणि थंड झाल्यावर पकड सैल होते. रोज सकाळी गिझर, रोज एक फेरा. दोन-तीन वर्षांत सांधा या थराला येतो. फेजच्या लगमध्येही तोच बिघाड थोडा होता, पण तिथे दोष वाढला की त्या फेजची घरं मंद होतात, तक्रार लगेच येते. न्यूट्रलचा दोष मात्र वेगळ्याच घरात उगवतो.

दुरुस्ती साधी. केबल दीड फूट मागे घेऊन काळवंडलेला भाग कापला, तारा ब्रशने उजळ होईपर्यंत घासल्या, लगेच सांध्याचं ग्रीस लावलं म्हणजे हवेने परत थर धरू नये. मग एका टोकाला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या टोकाला तांबं असलेला बायमेटॅलिक लग योग्य डायने दाबला. हातोडीने चेपलेला लग मी मान्य करत नाही. चारही कोअर नव्याने केले, फक्त न्यूट्रल नाही. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर.

दोन गोष्टींबद्दल मला जरा कडक बोलायचंय. पहिली, न्यूट्रल चालू लोडवर सोडू नका. "न्यूट्रलला काय होतंय" म्हणून हात घालणारे मी पाहिलेत. न्यूट्रल सोडताक्षणी इमारतीकडचं टोक घरातल्या उपकरणांमधून फेजला जोडलेलं राहतं, आणि ते तुम्हाला पूर्ण व्होल्टेजचा झटका देऊ शकतं. शिवाय तेवढ्या क्षणात कमी लोडच्या फेजवरच्या घरांचं ३१८ होतं. टेस्टरने न्यूट्रल पेटून दिसला तर तो न्यूट्रल तुटलेला समजा. याच कारणाने न्यूट्रलमध्ये वेगळा फ्युज किंवा वेगळा स्विच बसवत नाहीत. जुन्या भारतीय वीज नियमांतही, १९५६ च्या, ते मना होतं. फेजसोबत एकत्र उघडणारा लिंक्ड स्विच तेवढा चालतो. तरी जुन्या वाड्यांच्या बोर्डावर न्यूट्रलला किटकॅट फ्युज अजून सापडतो. तो उडाला की हाच सगळा खेळ. दिसला तर काढा आणि तिथे सलग लिंक द्या.

दुसरी, अर्थिंगचा जुगाड. आजोबांच्या घरी आधी कुणीतरी सुचवलं होतं की न्यूट्रल कमजोर असेल तर पॅनेलमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाका, लगेच सरळ होईल. नाही होणार. इमारतीच्या अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्सच सहज पाच ओहम असू शकतो, म्हणजे न्यूट्रल पूर्ण तुटला आणि अर्थने काम चालवलं तर परत २६४ वरच याल. वर नफा म्हणून सगळ्या इमारतीतल्या फ्रिजच्या, गिझरच्या, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर तेहतीस-चौतीस व्होल्ट, ओल्या बाथरूमसकट. उन्हाळ्यात खड्डा सुकला तर त्याहून जास्त. फेज बदलून देण्याचाही एक सल्ला होता. त्याने आजोबा वाय फेजवर गेले असते आणि दुखणं आर वर उरलेल्या बंद फ्लॅटच्या दारात. मालक दिवाळीला आला की पहिला फ्रिज त्याचा.

गावाबाहेर, वस्त्यांवर लांब गेलेल्या लाईनचं प्रकरण थोडं निराळं असतं. तिथे न्यूट्रल शाबूत असूनही थोडं सरकणं दिसतं. ४०० मीटर पातळ ॲल्युमिनियम कंडक्टरचा रेझिस्टन्स एक तृतीयांश ओहमच्या वर जातो, आणि एकाच फेजवर सगळ्या वस्तीचे मिळून ४० अँपिअर गेले तर न्यूट्रलमध्ये पंधराएक व्होल्ट पडतात, त्या फेजमध्येही तेवढेच. तो फेज दोनशेवर, बाकीचे दोन २३७-२३८. तिथे खरंच लोड वाटून देणं हाच इलाज. पण दहा-पंधरा व्होल्टांच्या पलीकडे, आणि तीस मीटरच्या सर्व्हिसवर, असमतोलाला दोष देऊन सुटका करून घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला परत गेलो. तेच गिझर, तेच लोड. आर २३१, वाय २२९, बी २२९, न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टच्या आत, आणि नव्या लगवर मीटरचा व्होल्टाचा काटा हललाच नाही, मिलिव्होल्टवर टाकल्यावर काहीतरी दिसलं. वहिनींचा गिझर २१५ ला २००० ऐवजी जेमतेम साडेसतराशे वॅट देत होता, तो परत ताळ्यावर आला. कॉइल बदलायला आणलेली होती, ती त्यांनी दुकानात परत केली. आजोबांच्या बोर्डात मी जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारं एक छोटं उपकरण बसवलं, २६५ च्या सेटिंगला. पॅनेल मात्र अजून तळमजल्यावरच आहे. जिन्याच्या पहिल्या वळणावर, पुराच्या खुणेच्या वर, ते न्यायचं सोसायटीत ठरलंय. केबल तेवढी लांब लागेल म्हणून नवी घ्यायची आहे, आणि या वेळी लग कुठला, हे मी लिहून दिलंय.